मोटर किती तास चालवायची? वांग्याच्या एका बिघ्याचा हिशोब

नमस्कार मंडळी. एप्रिल सुरू झाला की इंदूरच्या आसपास भाजी करणारे सगळेच विचारतात, ड्रिपची मोटर रोज किती वेळ चालवायची? शेजारी दोन तास चालवतो म्हणून आपणही दोन तास, असं नका करू. हा आकडा आपल्याच शेतातून काढता येतो.

उदाहरणाला राऊजवळचं दादांचं शेत घेऊ. खसऱ्यावर ०.२५ हेक्टर, म्हणजे आपला साधारण एक बिघा, २,५०० चौरस मीटर. वांगी भर फुला-फळात आहेत आणि ओळी पानांनी झाकल्या आहेत.

पहिला प्रश्न, ऊन-हवा रोज किती पाणी ओढून घेते? जमिनीतून वाफ होऊन जातं ते आणि पानांतून जातं ते, दोन्ही मिळून बाष्पोत्सर्जन. ते मोजायची भारी यंत्रं आपल्याकडे नाहीत, पण वर्तमानपत्रात रोजचं कमाल आणि किमान तापमान येतं. हारग्रीव्हज यांच्या सूत्राला तेवढं पुरतं:

```
ET0 = 0.0023 × Ra × (Tm + 17.8) × √(Tmax − Tmin)
```

`Ra` म्हणजे वातावरणाच्या वर येऊन पोचणारं ऊन. ते अक्षांश आणि महिन्यावर ठरतं, तक्त्यात तयार मिळतं. इथे ते मोजायचं रोज किती मिलिमीटर पाण्याची वाफ करू शकेल या मापात; इंदूरला एप्रिलच्या मध्यात साधारण १५.५ मिलिमीटर धरा. कमाल ३८.५, किमान २१.५, तर सरासरी `Tm` ३०. गणित केलं की उत्तर येतं दिवसाला ७ मिलिमीटर.

हे झालं संदर्भासाठी धरलेल्या गवताचं. वांग्याला भर वाढीत त्याच्या १.०५ पट लागतं, हा गुणांक जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९९८ च्या पुस्तिकेतला आहे. म्हणजे ७.३५ मिलिमीटर. रोपं लहान असताना हा आकडा बराच खाली असतो, म्हणून लावणीच्या आठवड्यात हाच हिशोब लावू नका.

आता लिटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे बरोबर एक लिटर. २,५०० गुणिले ७.३५, म्हणजे सुमारे १८,४०० लिटर. ड्रिपमध्येही थोडं वाया जातं, म्हणून ०.९ ने भागा. रोजचे २०,४०० लिटर झाले.

इथपर्यंत बहुतेक जण नीट येतात, घोळ पुढे होतो. दादांनी बोअरिंगच्या पाइपाखाली २०० लिटरचा ड्रम लावला. ७२ सेकंदांत भरला, म्हणजे तासाला १०,००० लिटर. "मग दोन तास झाले की," दादा म्हणाले.

मी म्हटलं, दादा, ड्रममध्ये पाणी मोकळं पडतंय. ड्रिपला जोडलं की मोटरला फिल्टर आणि बारीक नळ्यांतून दाब देऊन ढकलायचं असतं, तेव्हा ती कमी पाणी देते. शिवाय आपलं बोअरिंगचं पाणी जड, ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा क्षार बसतो.

म्हणून मोजायचं ते ड्रिपरवर. मोटर चालू करून दाब स्थिर होऊ द्या. मग ओळीच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी, तीन-चार ओळींत, ड्रिपरखाली माती उकरून वाटी ठेवा आणि १५ मिनिटांत किती जमलं ते मापाने बघा. दादांचे ड्रिपर तासाला २ लिटरचे, म्हणजे वाटीत ५०० मिलिलिटर हवं होतं. सुरुवातीला ४७० निघालं, शेवटाला ३३०, आणि सगळ्यांची सरासरी ४००. म्हणजे तासाला १.६ लिटर.

ओळीत १.२ मीटर अंतर आणि दर ४० सेंटिमीटरला ड्रिपर, तर या बिघ्यात सुमारे ५,२०० ड्रिपर. गुणिले १.६, तासाला ८,३२० लिटर. २०,४०० ला याने भागा: २.४५ तास, म्हणजे दोन तास सत्तावीस मिनिटं.

दोनच तास चालवली असती तर रोज पावणेचार हजार लिटर कमी पडले असते. आणि मार बसतो शेवटच्या झाडांना. प्रत्येक ड्रिपरमागे ३.९ लिटर हवं, तिथे जेमतेम २.६ पडतं. दुपारी सगळाच प्लॉट थोडा मलूल दिसतो, पण ओळींच्या शेवटची झाडं सकाळीही मान टाकून असली, तर हेच समजा.

मात्र तेवढ्यासाठी तास वाढवत जाऊ नका, सुरुवातीच्या झाडांखाली चिखल होईल. आधी फिल्टर धुवा, नळ्यांची शेवटची टोकं उघडून गाळ वाहू द्या, मग वाट्या पुन्हा लावा. शेवटचं माप वर आलं की तास आपोआप कमी होतील.

या सूत्राला वारा कळत नाही. मे महिन्यात माळव्यावर कोरडी लू सुटते तेव्हा ते कमी आकडा सांगतं. त्या दिवसांत सकाळी खुरप्याने वीतभर खोल काळी माती काढून मुठीत दाबा. गोळा बनला तर पाणी पुरतंय. भुरभुरली तर पंधरा मिनिटं वाढवा आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा.