आवाज आधी वळतो, मग कॅमेरा

(आवाजाचं काम शिकणाऱ्यांसाठी पुण्यात झालेल्या व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आत्ता पडद्यावर जी फिल्म बघितलीत ती आपण मुद्दाम दोनदा लावली. आधी आवाज बंद करून, मग निवेदनासह. पहिल्यांदा तुमच्यापैकी बहुतेकांना झुंबर आठवलं, सोफ्याचा रंग आठवला. देवघर कुठे होतं हे मात्र कुणालाच सांगता आलं नाही. ते हॉलमध्येच होतं, चार सेकंद दिसत होतं. दुसऱ्या वेळी निवेदकाने ते दिसायच्या जरासं आधी नाव घेतलं आणि सगळ्यांना सापडलं. आज मी एवढ्याच गोष्टीबद्दल बोलणार आहे. प्रोजेक्टच्या वॉकथ्रूमध्ये, म्हणजे विकायच्या घरातून कॅमेरा फिरवून आणणाऱ्या फिल्ममध्ये, चित्र डोळ्यापुढे सगळंच टाकतं. त्यातलं काय बघायचं हे आवाज ठरवतो.

कामासाठी एक फ्लॅट धरूया. टू बीएचके, कार्पेट 58 चौरस मीटर, म्हणजे साधारण 624 चौरस फूट. इमारत अजून जोत्याच्या वर आलेली नाही, त्यामुळे फिल्म पूर्ण थ्रीडीमध्ये बनते आहे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: थ्रीडीवाले आधी साधा, करडा, फर्निचर-रंगांशिवायचा व्हिडिओ बनवतात, त्यात कॅमेऱ्याची वाट ठरते. अंतिम रेंडर, म्हणजे रंग-उजेडासह पूर्ण झालेलं चित्र, निघायला वेळ आणि पैसा लागतो, आणि एकदा ते निघालं की तुमच्या एका वाक्यासाठी कुणी कॅमेरा तीन सेकंद जास्त थांबवणार नाही. म्हणून करडा व्हिडिओ हातात आला की त्याच्यावरच, मोबाइलवर का होईना, कच्चं निवेदन रेकॉर्ड करून पाठवा. ‘हॉलमध्ये तीन सेकंद वाढवा’ हे तेव्हा मागता येतं. त्या व्हिडिओवर टाइमकोड छापून मागा, नाहीतर फोनवर ‘ते दार उघडतं ना, तिथे’ असं बोलत बसावं लागतं.

आता दार उघडूया. हॉल साडेदहा फूट बाय सोळा फूट. कॅमेरा मुख्य दारातून सरळ आत जातो, अर्ध्यावर थांबतो आणि वळून दाराजवळचा कोपरा दाखवतो. एकूण 18 सेकंद. बिल्डरच्या ऑफिसातून लिहून आलेलं निवेदन असं असतं: ‘या प्रशस्त आणि आलिशान दिवाणखान्यातील आकर्षक सजावट, भव्य खिडक्या आणि मनमोहक प्रकाश तुमच्या कुटुंबाच्या प्रत्येक क्षणाला देईल आनंदाचा स्पर्श.’ हे वाचायला काही अडचण नाही. पण यातल्या एकाही शब्दाने मान हलत नाही. ऐकणाऱ्याने बघायचं कुठे?

सावकाश, कळेल असं मराठी निवेदन सेकंदाला दोन शब्दांच्या आसपास जातं. म्हणजे 18 सेकंदांत 36 शब्द मावतात, पण मावतात म्हणून भरायचे नसतात. मी असं लिहीन:

‘समोर बाल्कनीचं दार. इथून तिथपर्यंत सोळा फूट.’

इथे थांबा. दोन-अडीच सेकंद काही बोलू नका, कारण माणूस त्या वेळात सोळा फूट मोजतो आहे. त्याच्या आत्ताच्या घराचा हॉल किती आहे हे त्याला पाठ असतं.

‘डाव्या भिंतीला तिघांचा सोफा लावूनही मधली वाट मोकळी राहते.’

परत थोडा विराम. कॅमेरा वळायला लागला की:

‘आणि दाराजवळचा हा कोपरा जेवणाच्या टेबलाचा.’

22 शब्द झाले. अकरा सेकंद बोलणं, सात सेकंद शांतता. शेवटचं वाक्य कुठे सुरू होतं ते बघा. टेबल दिसल्यावर नाही, कॅमेरा वळायला लागतो तेव्हा. ‘कोपरा’ हा शब्द कानावर पडतो तेव्हा कोपरा चौकटीत येत असतो आणि ‘टेबलाचा’ म्हणेपर्यंत टेबल मध्यभागी असतं. नाव वस्तूच्या अर्धा सेकंद आधी आलं तर डोळा तिला शोधायला निघतो. अर्धा सेकंद उशिरा आलं तर ते चित्राखाली लिहिलेल्या पाटीसारखं वाटतं. डोळा तोवर झुंबराकडे गेलेला असतो. दोन सेकंद आधी नाव घेणं मात्र त्याहून वाईट, कारण माणूस शोधतो, सापडत नाही, आणि मग निवेदनावरचा विश्वासच उडतो. एडिटर मंडळी आवाज पुढच्या दृश्याच्या जरा आधी सुरू करतात, त्याला जे-कट म्हणतात. खोलीतून खोलीत जाताना तेच करायचं: आधीच्या खोलीचं वाक्य उंबरठ्याच्या अलीकडे संपवा आणि नव्या खोलीचा पहिला शब्द चौकट ओलांडताना येऊ द्या.

डावं-उजवं हे शब्द जपून वापरा. वरच्या वाक्यात ‘डाव्या भिंतीला’ चाललं, कारण कॅमेरा सरळ जात होता. कॅमेरा वळत असताना वाक्य म्हणेपर्यंत डावं उजवं होतं. वळणावर वस्तूचा आधार घ्या: ‘खिडकीच्या बाजूला’, ‘फ्रिजच्या मागे’, ‘दाराला लागून’. कॅमेरा कुठेही फिरला तरी खिडकी तिच्या जागेवरून हलत नाही.

हॉलमधून किचन. इथे निवेदकाला सगळ्यात जास्त काम आहे, आणि बहुतेक जण ‘मॉड्युलर किचन’ म्हणून पुढे निघतात. ओटा, सिंक, शेगडी हे दिसतंच आहे, ते सांगून काय मिळवणार? न दिसणारं सांगा. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनसाठी नळ आणि पाणी जायला जाळी आहे का, फ्रिजचं दार पूर्ण उघडतं का, सिंकवरची खिडकी बाहेर उघडते की डक्टमध्ये. डक्टमध्ये उघडत असेल तर त्या खिडकीतून रेंडरमध्ये झाडं दिसता कामा नयेत. मी असं चित्र आलं की आधी फोन करतो. आपण ‘खेळती हवा’ म्हणायचं आणि समोर शेजारच्या बाथरूमचे पाइप, हे कुणी विसरत नाही.

उन्हाचंही तसंच. फ्लॅटचा नकाशा मागून घ्या आणि त्यावर उत्तरेचा बाण शोधा. थ्रीडीवाला जिथे छान दिसेल तिथे सूर्य ठेवतो. उत्तरेच्या खिडकीतून भर दुपारी अंथरुणभर ऊन आलेलं तुम्ही बघितलं असेल. पुण्यात उन्हाळ्या-पावसाळ्यातली कोवळी सकाळ किंवा संध्याकाळ सोडली तर असं ऊन उत्तरेकडून येत नाही. चित्र बदलणं आपल्या हातात नसेल, पण त्या उन्हावर बोट ठेवणारं वाक्य आपण म्हणू नये. ‘उत्तरेची खिडकी, दिवसभर मऊ उजेड’ हे खरं आहे, आणि वास्तू बघणाऱ्यालाही दिशा कळली.

मग पॅसेज. इथे प्रेक्षक हरवतो. कॅमेरा दोन वळणं घेतो आणि बघणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळेनासं होतं. इथे एकच वाक्य पुरतं: ‘पॅसेजच्या टोकाला मोठी बेडरूम. तिची उशाची भिंत म्हणजे मघाच्या किचनचीच.’ डोक्यातला नकाशा जुळतो. त्यानंतर खोलीत शिरेपर्यंत गप्प राहा. संगीताला तेवढीच जागा मिळते.

आता बेडरूम, आणि थोडं गणित. खोली दहा बाय अकरा. मोठा डबल बेड सहा बाय साडेसहा. उशाची बाजू दहा फुटी भिंतीला लावली तर दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट उरतात. पायाकडे उरतात साडेचार फूट. समोरच्या भिंतीला दोन फूट खोल कपाट केलं की अडीच फूट. कपाटाचं दार उघडून बाजूला उभं राहायला हे पुरतं, पण रेंडरमध्ये जर तिथे आरामखुर्ची, गालिचा आणि नाचायला जागा दिसत असेल तर बेड लहान केलेला आहे किंवा लेन्स फार रुंद धरलेली आहे. रुंद लेन्समध्ये जवळच्या वस्तू ताणल्या जातात आणि समोरची भिंत लांब पळते. ओळखायची खूण सोपी आहे: चौकटीच्या कडेला असलेली उशी किंवा दिवा तिरका, ओढल्यासारखा दिसतो.

अशा वेळी निवेदनात माप घाला. ‘दहा बाय अकरा. डबल बेड आणि पूर्ण भिंतीचं कपाट, मध्ये अडीच फुटांची वाट.’ बिल्डर कधी कधी नाक मुरडतो, कारण अडीच फूट ऐकायला कमी वाटतं. त्याला कायदा सांगा. 2016 च्या रेरा कायद्याचं कलम 12 असं आहे की जाहिरातीतल्या किंवा नमुना फ्लॅटमधल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, भरपाई द्यायची. ग्राहकाला बाहेर पडायचं असेल तर व्याजासह पैसे परत. आणि जाहिरात कोणत्याही माध्यमातली असली तरी ती जाहिरातच. तुमचं ‘प्रशस्त’ कुणी कोर्टात मोजणार नाही, पण तुमचं ‘अकरा फूट’ मोजता येतं. म्हणून माप नेहमी मंजूर नकाशावरून घ्या, ब्रोशरवरून नाही.

क्षेत्रफळाचं वाक्य तर लिहूनच ठेवा. कायद्यातल्या कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जागा धरतात, पण बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी आणि खासगी टेरेस धरत नाहीत. आपल्या फ्लॅटची बाल्कनी पाच चौरस मीटर असेल तर ‘कार्पेट अठ्ठावन्न चौरस मीटर, बाल्कनी वेगळी पाच’ असं म्हणायचं. दोन्ही मिळून ‘त्रेसष्ट मीटरचं घर’ म्हणालात की वाक्य कानाला गोड आणि कागदावर चूक.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात सांगतो. प्रत्येक खोली वेगळ्या फाइलमध्ये रेकॉर्ड करा, आणि टाइल्सची कंपनी, नळांचा ब्रँड अशी वाक्यं त्यातही वेगळी ठेवा. ती बदलणारच असतात. महिन्याने एक वाक्य परत रेकॉर्ड करायला बोलावतील तेव्हा आधी जुनी फाइल हेडफोनमध्ये ऐका, माइकपासूनचं अंतर तेवढंच ठेवा. नाहीतर किचनमध्ये एक माणूस बोलतो आणि सिंकपाशी दुसराच.

फिल्म बाल्कनीत संपते. संपता संपता महारेराचा नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळाचा पत्ता येतो. दोन्ही देणं बंधनकारक आहे, आणि ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात क्यूआर कोडही. हा भाग धापा टाकत वाचायची पद्धत पडली आहे. मी एडिटरकडे इथे सहा सेकंद जास्त मागतो आणि निवेदनात एवढंच म्हणतो: ‘मंजूर नकाशा महारेराच्या संकेतस्थळावर आहे. कोड स्कॅन करा.’ आणि कोड पडद्यावर असेपर्यंत गप्प बसतो, कारण माणूस खिशातून फोन काढतो, कॅमेरा उघडतो, धरतो, याला तेवढा वेळ लागतोच.