आईसाठी घरी माणूस ठेवायचा, तर महिन्याला किती?

श्रोतेहो, नमस्कार. घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी मावशी किंवा केअरटेकर ठेवायची वेळ आली की आपण पहिला फोन ब्युरोला करतो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘दिवसाचा दर काय?’ समोरून आकडा येतो, आपण त्याला 30 ने गुणतो आणि तोच महिन्याचा खर्च समजतो. हा हिशेब जवळजवळ नेहमी कमी निघतो. आज एक उदाहरण घेऊन तो नीट मांडू या, आणि एवढे पैसे आणायचे कुठून, तेही बघू या.

समजा, पुण्यात राहणाऱ्या 81 वर्षांच्या आजी आहेत. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता त्या वॉकर धरून चार पावलं टाकतात. मुलगा आणि सून नोकरी करतात, मुलगी परदेशात आहे. ब्युरोला फोन करण्याआधी या घरानं एक काम करायला हवं. सात दिवस एका वहीत नोंद ठेवायची. आजींना मदत किती वाजता लागली, कशासाठी लागली, किती मिनिटं गेली आणि एका माणसाला जमलं की दोघं लागले, एवढंच लिहायचं. रात्रीची नोंद चुकवू नका. दिवसभराच्या कामांपेक्षा रात्री आजी किती वेळा उठतात, यावरच खर्चाचा मोठा भाग ठरतो.

त्याचं कारण असं. 24 तास राहणारी मावशी ही 24 तास जागी राहणारी मावशी नसते. तिला रात्रीची सलग झोप लागते आणि दुपारी तास-दोन तास पाठ टेकावी लागते. आजी रात्री एकदा उठत असतील तर एका माणसावर निभतं. तीन-चारदा उठत असतील तर मावशी आठ-दहा दिवसांत थकते, चिडचिड करते, नाहीतर ‘गावाला जाऊन येते’ म्हणून जाते ती परत येत नाही. ब्युरो दुसरी पाठवतो आणि तिचंही तेच होतं. घरच्यांना वाटतं, माणसं चांगली मिळत नाहीत. खरं तर तिथं दिवसाची एक आणि रात्रीची एक अशा 12 तासांच्या दोन पाळ्यांचं काम एकीच्या गळ्यात पडलेलं असतं.

आता दर बघू. मी धरतो ते आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या भागातल्या दोन-तीन ब्युरोंना विचारून आपापले घाला. 24 तास राहणारीला दिवसाला 1,100 रुपये धरू, आणि 12 तासांच्या पाळीला 800. दोन पाळ्यांचे झाले 1,600. म्हणजे रोजचा फरक 500 रुपयांचा, महिन्याला 15,000 चा.

म्हणून दोन पाळ्या लावण्याआधी रात्रीचं उठणं कमी होतं का, ते बघा. लघवीची गोळी संध्याकाळी दिली जात असेल तर ती सकाळी हलवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा; आपल्या मनानं वेळ बदलू नका. लघवी तपासून घ्या, कारण म्हातारपणी जंतुसंसर्ग कधी कधी ताप न येताही असतो. पलंगाला लागून कमोडची खुर्ची ठेवा, म्हणजे बाथरूमपर्यंतची अंधारातली फेरी वाचते. रात्रीपुरता डायपर आजींना चालतो का, ते त्यांनाच विचारून ठरवा. तीनदाचं उठणं एकदावर आलं, तर 24 तासांच्या एका मावशीत भागू शकतं.

आणखी एक फरक लक्षात घ्या. आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, चालवणं हे मावशीचं काम. इंजेक्शन, कॅथेटर बदलणं, नाकातली नळी, जखमेचं ड्रेसिंग हे प्रशिक्षित नर्सचं. पण ड्रेसिंग एक दिवसाआड असेल, तर त्यासाठी 12 तासांची नर्स ठेवायची गरज नसते. तेवढ्यापुरती घरी येऊन जाणारी नर्स आणि बाकी वेळ मावशी, ही जोडी बरीच स्वस्त पडते. वॉकरवर स्वतःची स्वतः उठबस करणाऱ्या माणसाला तर सकाळी दोन तास येऊन आंघोळ-पांघोळ उरकून जाणारी बाई पुरते. आजी अजून तिथं पोहोचलेल्या नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी 24 तासांची मावशी धरू.

आता कागद-पेन्सिल घ्या. 1,100 ला 30 ने गुणू नका. वर्षाच्या 365 दिवसांनी गुणा आणि 12 ने भागा, म्हणजे 31 दिवसांचे महिने सुटत नाहीत. हे झाले साधारण 33,500. मावशीचा चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण दिवसाला 120 रुपये धरलं तर 3,600. दिवसाला दोन डायपर 40 रुपयांनी म्हणजे महिन्याला 2,400, आणि हातमोजे, पलंगावर टाकायचे अंडरपॅड, वाइप्स, मलम यांचे 1,100; मिळून 3,500. डोक्याकडची बाजू वर होणाऱ्या पलंगाचं भाडं 2,000. यापुढचा खर्च बहुतेकांच्या हिशेबात येतच नाही. गणपती-दिवाळीला मावशी गावी जाते, बदली माणूस येतो, काही ब्युरो सणाच्या दिवसांचा दुप्पट दर लावतात, दिवाळीची बक्षिसी असते, ब्युरोची नोंदणी फी असते. वर्षाला 20,000 धरा, म्हणजे महिन्याला 1,700. एकूण बेरीज 44,300.

नुसता दर गुणून 33,000 आले होते, प्रत्यक्षात 44,300 झाले. एक तृतीयांशानं जास्त. शिवाय सुरुवातीचा एकदाच होणारा खर्च वेगळा. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा, एका भेटीचे 600, तीन महिने, हेच 23,400 होतात. कमोडची खुर्ची, बाथरूममधले धरायचे दांडे आणि पलंगाची अनामत धरून 35,000 बाजूला काढा. पलंग सात-आठ महिन्यांहून जास्त लागणार असेल तर भाड्यापेक्षा जुना विकत घेणं परवडतं का, ते एकदा विचारून बघा.

ब्युरोशी बोलताना दराइतकंच नेमकं काम ठरवून घ्या, आणि लेखी घ्या. एक माणूस अचानक गेला तर बदली किती तासांत येईल? न आलेल्या दिवसाचे पैसे कापले जातात का? पगार ब्युरोला द्यायचा की मावशीला? घरात आजोबाही असतील आणि त्यांचंही थोडंफार करायचं असेल, तर ते आधीच सांगा. दोन माणसांचा दर वेगळा असतो, आणि हे लपवून ठेवल्यावर पहिल्या आठवड्यातच वाद होतो. सगळ्या घराचा स्वयंपाक आणि धुणं यांचंही तसंच.

आता पैसे. सुरुवात आजींच्या स्वतःच्या उत्पन्नापासून करायची. समजा, त्यांना 24,000 कौटुंबिक पेन्शन आहे आणि पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 15 लाख आहेत. 8.2 टक्क्यांनी त्याचे तिमाही व्याज 30,750, म्हणजे महिन्याला 10,250. एकूण 34,250. पण हे सगळं मावशीसाठी मोकळं नाही. आजींची औषधं, जेवण, वीज, सोसायटी यांचे 12,000 आधीपासून जातातच. हातात राहतात 22,250. म्हणजे दर महिन्याला साधारण 22,000 कमी पडतात.

इथं आधी पेन्शनच तपासा. केंद्र सरकारच्या कौटुंबिक पेन्शनमध्ये वयाची 80 वर्षं पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनच्या 20 टक्के, 85 नंतर 30 टक्के जादा मिळतात. मूळ पेन्शन 15,000 असेल तर 3,000, वर त्यावरचा महागाई भत्ता. पेन्शनच्या कागदांवर आजींची जन्मतारीखच नसेल, तर ही वाढ लागत नाही आणि कोणी सांगतही नाही. जन्मतारखेचा पुरावा घेऊन बँकेत जा. इतर पेन्शनचे नियम वेगळे आहेत, ते त्या त्या कार्यालयात विचारा.

विम्याकडून मावशीच्या पगाराची अपेक्षा ठेवू नका. नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी आंघोळ घालण्या-भरवण्याचे पैसे देत नाही. 70 वर्षांपुढच्यांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार देतं, पण तेही रुग्णालयात दाखल झाल्यावर आणि योजनेतल्या रुग्णालयातच. तरी ते काढून ठेवा, दवाखान्यासाठी राखलेल्या पैशांवरचा ताण कमी होतो.

आजींची बँकेत 9 लाखांची मुदत ठेव आहे असं धरू. त्यातले 2 लाख अचानकच्या दवाखान्यासाठी बाजूला ठेवले की उरतात 7. महिन्याची तूट 22,000, म्हणून 7 लाख 31-32 महिने पुरतील असं वाटतं. पण मावशीचा दर दर वर्षी वाढतो आणि ठेवीचं व्याज मुदतभर तेवढंच राहतं. खर्च वर्षाला 8 टक्क्यांनी वाढला, तर दुसऱ्या वर्षी तूट महिन्याला साडेपंचवीस हजारांवर आणि तिसऱ्या वर्षी साडेएकोणतीस हजारांच्या आसपास जाते. ठेवीवरचं व्याज सोडून दिलं तर हे पैसे साधारण 2 वर्षं 4 महिने टिकतात. ही तारीख मुलगा-मुलगी दोघांना आजच माहीत हवी. पैसे संपल्यावर कोण किती देणार, हे तेव्हा ठरवायला बसलं की भांडणं होतात. मुलगी पैसे जास्त देऊ शकते आणि मुलगा-सून रात्रीचं उठणं, डॉक्टर, बदली माणूस सांभाळतात. त्या कामाचीही वाटणीत किंमत धरा. काळजीच्या खर्चाला एकच वेगळं खातं ठेवा आणि पगार ऑनलाइन द्या, म्हणजे हिशेब दोघांनाही दिसतो.

दोघांनाही झेपत नसेल तर रिव्हर्स मॉर्टगेज आहे. 2007 पासून ही सोय आहे. 60 वर्षांवरची व्यक्ती स्वतःचं राहतं घर तारण ठेवते, बँक ठरावीक मुदतीपर्यंत दर महिन्याला किंवा तिमाहीला पैसे देते, ही मुदत जास्तीत जास्त 20 वर्षं. आजी त्याच घरात राहतात, हयातीत फेड करावी लागत नाही. पण व्याजावर व्याज चढत जातं, आणि त्यांच्यानंतर वारसांना ते कर्ज फेडून घर सोडवावं लागतं, नाहीतर घर विकून बँक पैसे वळते करते. सगळ्या शाखांत हे मिळत नाही. अडतं ते बहुधा कागदांवर. फ्लॅट अजून आजोबांच्याच नावावर असतो, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर आजींचं नाव चढलेलं नसतं. ते काम आधी, बँक नंतर.

सह्यांचं काम मात्र लांबवू नका. आजींचा हात थरथरायला लागला, तरी बँक दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेऊन पैसे देऊ शकते. साक्षीदारांपैकी एक बँकेचा अधिकारी असतो. पण स्मृती गेली, समज राहिली नाही, तर मुलाला दिलेलं मुखत्यारपत्रही कायद्यानं निरुपयोगी होतं आणि ठेव मोडायला पालकत्वासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते. म्हणून खात्यावर मुलाचं किंवा मुलीचं नाव जोडणं, नॉमिनी लावणं, मुदतीआधी ठेव मोडायला कोणाच्या सह्या लागतील हे बँकेत विचारून बदलून घेणं, ही कामं आजी स्वतः समजून सही करू शकतात तोवर उरकून घ्या.

आणि तीन महिन्यांनी ती सात दिवसांची वही पुन्हा लिहा. फिजिओथेरपीनं आजी स्वतः उठायला लागल्या असतील, तर 24 तासांच्या मावशीऐवजी दिवसाची 12 तासांची पाळी पुरेल, आणि महिन्याला पगाराचेच 9,000 वाचतील. नमस्कार.