ती किंमत विचारणार नाही

(सांगलीत पार्लरचालक महिलांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मैत्रिणींनो, मला पाऊण तास दिलाय आणि विषय सांगितलाय तो काउंटरवरची मांडणी, म्हणजे टेस्टर, फळ्या आणि किमतीच्या चिठ्ठ्या. तिन्हींवर बोलणार आहे. पण आधी एका बाईंची गोष्ट सांगते, कारण मला हे सगळं त्यांनी शिकवलं.

माझं पार्लर विश्रामबागमध्ये आहे. सुरुवातीची सात वर्षं माझ्याकडे विक्रीच्या मालासाठी काचेचं कपाट होतं. सरकत्या काचा, आत ट्यूबलाइट, खाली कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. तुमच्यापैकी किती जणींकडे असं कपाट आहे? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त. आपल्याला वाटतं की माल सुरक्षित राहतो, धूळ बसत नाही, दुकान भरल्यासारखं दिसतं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या कपाटातून माल मात्र जात नाही.

तर या बाई. शाळेत शिक्षिका, दर सहा आठवड्यांनी रूट टचअपला यायच्या. केसांचं स्मूदनिंगही माझ्याकडेच केलेलं. प्रत्येक वेळी त्या कपाटासमोर उभ्या राहायच्या, सल्फेट नसलेल्या शाम्पूच्या बाटलीकडे बघायच्या आणि पैसे देऊन निघायच्या. मला वाटायचं, नको असेल. मागे लागायचा माझा स्वभाव नाही. असं तीन वेळा झालं. चौथ्या वेळी त्यांच्या पिशवीतून तीच बाटली डोकावत होती. आमच्याच गल्लीतल्या मेडिकलमधून घेतलेली. मी विचारलं, "बाई, ही माझ्याकडे होती की!" त्या म्हणाल्या, "हो गं, बघितली होती. पण तुझ्याकडे महाग असेल असं वाटलं. आणि काढायला लावायची, किंमत विचारायची आणि मग नको म्हणायचं, ते बरं दिसत नाही."

एमआरपी दोन्हीकडे एकच. छापील 450 रुपये. माझ्याकडे त्यावर दहा टक्के सूटही होती, पण ती माझ्या मनात होती, कपाटावर नव्हती.

हे वाक्य मी त्या रात्री डायरीत लिहून ठेवलं: काढायला लावायची, किंमत विचारायची आणि नको म्हणायचं. आपल्याकडची बाई भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी दहा मिनिटं बोलेल, कारण तिथे भाव विचारणं म्हणजे विकत घेणं नव्हे. पार्लरमध्ये तसं नसतं. इथे तिची आपली ओळख आहे, आपण तिचे केस हातात घेतलेत, तिच्या मुलीच्या लग्नाचं आपल्याला ठाऊक आहे. अशा ठिकाणी किंमत विचारली की घेणं आलं, असं तिला वाटतं. म्हणून ती विचारत नाही. तुमच्या काउंटरवर कामाला असलेली मुलगी कितीही गोड बोलो, विचारत नाही. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे: तिने कुणालाही न विचारता बाटली हातात घेता यावी, किंमत वाचता यावी आणि परत ठेवता यावी. परत ठेवणं सोपं असेल तरच ती उचलेल.

दुसऱ्या आठवड्यात मी सुताराला बोलावून काचा काढल्या. माझ्या सासूबाई म्हणाल्या, चोऱ्या होतील. झाल्या. वर्षभरात दोन लिपस्टिक आणि एक नेलपेंट गेलं. लहान वस्तू मी मग कॅशच्या बाजूला, मुलीच्या नजरेसमोर आणल्या. मोठ्या बाटल्या कोणी नेत नाही.

आता उंची. काचा काढल्या तरी पहिला महिना फारसं काही हललं नाही. मग एका दुपारी मी स्वतः वेटिंगच्या सोफ्यावर बसले आणि मोबाइलने समोरचा फोटो काढला. तुम्हीही घरी गेल्यावर हे करा, उभं राहून नाही, बसून. फोटोत काय दिसलं असेल? मधोमध टॉवेलची बास्केट आणि झाडू. विकायचा माल सगळा वर, सहा फुटांपर्यंत. आपण मांडणी करतो उभ्याने, आणि क्लायंट बघते बसून. आपल्याकडची साधारण पाच फूट उंचीची बाई उभी असेल तर तिची नजर साडेचार फुटांच्या जरा वर असते. सोफ्यावर बसली की ती साडेतीन फुटांवर येते. म्हणून वेटिंगसमोरच्या भिंतीवर मुख्य फळी अडीच ते साडेतीन फुटांच्या पट्ट्यात हवी आणि कॅशजवळ, जिथे ती उभी असते, तिथे चार ते पावणेपाच फुटांत. वरच्या फळीवर जादा साठा ठेवा. तिथून काही विकलं जाईल ही आशा ठेवू नका.

आणि वेटिंगपेक्षाही महत्त्वाची जागा आहे कलरची खुर्ची. रंग लावल्यावर ती तीस-पस्तीस मिनिटं तिथेच बसते. हात मोकळे, मोबाइल बघून कंटाळलेली. त्या आरशाच्या बाजूला एक लहान फळी लावा आणि तिच्यावर फक्त रंगवलेल्या केसांसाठीच्या तीन वस्तू ठेवा: शाम्पू, कंडिशनर, सीरम. पण एक लक्षात घ्या, जे मला फार उशिरा लक्षात आलं. रंग लागलेल्या बाईचा चष्मा काढलेला असतो! कानशिलावर रंग, चष्मा कुठे घालणार? चाळिशीच्या पुढच्या बाईला बाटलीवरची बारीक अक्षरं दिसतच नाहीत. त्या फळीवरची चिठ्ठी म्हणूनच जाड मार्करने, अंगठ्याच्या नखाएवढ्या अक्षरात लिहा.

चिठ्ठीवर तीन ओळी पुरतात. कशासाठी, किती मिली, किती रुपये. "रंगवलेल्या केसांचा शाम्पू. 250 मिली. 450 रुपये." कंपनीचं नाव बाटलीवर आहेच. "कशासाठी" ही ओळ मराठीत लिहा. चिठ्ठी बाटलीला चिकटवायची नाही, फळीच्या कडेला पारदर्शक पट्टी मिळते तिच्यात सरकवायची, बरोबर त्या वस्तूखाली. बाटल्या इकडच्या तिकडे झाल्या आणि चिठ्ठ्या तिथेच राहिल्या, तर काउंटरवर वाद होतो आणि चूक आपलीच असते. संध्याकाळी झाडलोट करणाऱ्या मुलीला शेवटचं काम तेच सांगा: बाटल्या पुढे ओढायच्या आणि चिठ्ठी जुळते का ते बघायचं. बाटली पुढे ओढताना कमी मुदतीची पुढे, नवीन मागे.

छापील एमआरपीवर आपला स्टिकर लावू नका. जास्त किमतीचा तर चालतच नाही, आणि कमी किमतीचा लावायचा असेल तरी मूळ छापलेली किंमत झाकली जाता कामा नये, असा पॅकबंद मालाचा नियम आहे. सूट द्यायचीय ना, मग चिठ्ठीवर लिहा: छापील 450, आमच्याकडे 405. आणि ज्या मोठ्या बाटल्यांवर फक्त पार्लरच्या वापरासाठी असं लिहिलेलं असतं, त्या विक्रीच्या फळीवर ठेवायच्याच नाहीत.

इथे मला माझी एक तक्रार सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका कंपनीचा माणूस आला, फुकट स्टँड देतो म्हणाला, अट अशी की दाराशी ठेवायचा आणि त्यात दुसरं काही नाही. साडेपाच फुटी, झगमगीत. सोबत स्कीममध्ये माल गळ्यात मारला. त्यात शाम्पूच्या शेजारी फेसवॉश, त्याच्या शेजारी फूट क्रीम, कारण सगळं एकाच कंपनीचं. घरात बाई असं म्हणत नाही की मला अमुक कंपनीचं काहीतरी द्या. ती म्हणते, केस गळतायत, टाचा फुटल्यात. स्टँड दाराशी, दार पश्चिमेला. एप्रिलमध्ये दुपारचं ऊन थेट आत. लिपस्टिकवर घामासारखे बारीक थेंब आले, व्हिटॅमिन सी सीरम चहासारखं तपकिरी झालं, खोक्यांचा रंग विटला. परत घ्यायला कोणी आलं नाही. तेव्हापासून माझ्या फळ्या अडचणीनुसार लागतात: केसगळती, कोरडे केस, रंगवलेले केस, टाचा, डाग. एका अडचणीखाली दोन किंवा तीन वस्तू, एक स्वस्त, एक मधली, एक महाग. पूर्वी माझ्याकडे साठ प्रकार होते, आता चोवीस आहेत. सहा शाम्पू शेजारी शेजारी ठेवले की ती विचार करते आणि विचार करत घरी जाते.

वहिनींनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं उरलीत. टेस्टर राहिलेत, म्हणून भराभर सांगते, पण हे नीट ऐका.

लिपस्टिकचा टेस्टर ओठांना थेट लावू द्यायचा नाही. स्पॅच्युलाने किंचित खरवडून घ्यायची, कापसाच्या काडीने मनगटाच्या आतल्या बाजूला लावायची, काडी पुन्हा लिपस्टिकला टेकवायची नाही. बाजूला टिश्यू, लहान आरसा आणि मुख्य म्हणजे छोटी कचरापेटी हवी. पेटी नसली की वापरलेल्या काड्या फळीवरच पडतात आणि मग दुसरी बाई हात लावत नाही. पिवळ्या बल्बखाली मरून रंग तपकिरी दिसतो, म्हणून तिथे पांढरा दिवा लावा. मस्कारा आणि काजळाचा टेस्टर ठेवूच नका, डोळ्यांचा संसर्ग लगेच पसरतो. क्रीम डबीतलं असेल तर बोटं बुडतात, त्यापेक्षा पंप किंवा ट्यूब उघडा. टेस्टरवर उघडल्याची तारीख लिहा. पाकिटावर उघड्या डबीचं चित्र असतं, त्यात सहा किंवा बारा लिहिलेलं असतं, तितके महिने तो चालतो. वास बदलला, तेल वर आलं, तर त्याआधीही फेकायचा.

सीरमचा टेस्टर फळीवर नाही, तुमच्या हातात हवा. ब्लो ड्राय झाल्यावर दोन थेंब फक्त डाव्या बाजूच्या टोकांना लावा आणि तिलाच दोन्ही बाजू चाचपून बघायला सांगा. लगेच उजवीकडेही लावा, नाहीतर ती तशीच घरी जाईल. मग बाटली तिच्या हातात द्या आणि गप्प बसा.

टेस्टर महाग पडतो म्हणता? कंपनीकडे मागा, पुष्कळ जण देतात. न दिला तर हिशोब करा. 600 रुपयांची सीरमची बाटली तुम्हाला 420 ला पडते, म्हणजे एका विक्रीमागे 180 सुटतात. तीन बाटल्या गेल्या की टेस्टरचे 420 निघाले. जो टेस्टर तीन महिन्यांत तीन बाटल्याही विकून देत नाही, तो बंद करा आणि ती वस्तूही परत मागवू नका. टेस्टरवर "विक्रीसाठी नाही" असं लिहायला विसरू नका, माझ्या नव्या मुलीने एकदा अर्धा संपलेला टेस्टर खोक्यात घालून देऊन टाकला होता.

त्या शिक्षिका बाई अजून येतात. आता त्या कलरच्या खुर्चीशेजारच्या फळीवरून बाटली स्वतः घेतात, बिलाच्या वेळी कॅशवर ठेवतात. मागच्या वेळी एक बाटली उचलली, चिठ्ठी वाचली, परत ठेवली आणि केसांना लावायचं तेल घेतलं.

फळीच्या कडेला लावायची पट्टी मी सोबत आणलीय, दारापाशी टेबलावर आहे. चहा घेता घेता हातात घेऊन बघा.