लाल दिवा लागला, आता गाडी कुठे लावायची?

(गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, गणपतीच्या आधीचे दोन-तीन दिवस मुंबई-गोवा महामार्गावर काय असतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. गाडीत पाच माणसं, टपावर सामान, एसी चालू, बाहेर पाऊस आणि समोर घाट. टेंपरेचरचा दिवा लाल व्हायला याहून सोयीची वेळ त्याला मिळत नाही. म्हणून आज एकच प्रसंग घेतो. भरणे नाका मागे पडला, भोस्ते घाट चढायला लागलात आणि मीटरमध्ये लाल दिवा पेटला. इंजिनाचं काय करायचं ते मेकॅनिक बघेल. दिवा लागल्यापासून सगळी माणसं धड जागी उभी राहीपर्यंतची चार-पाच मिनिटं मात्र तुमच्याच हातात असतात.

पिवळा दिवा बहुतेक वेळा पुढच्या गावापर्यंत मुदत देतो. लाल देत नाही. पण सगळे लाल दिवे सारखी घाई करत नाहीत. तेलाच्या किटलीचा दिवा म्हणजे ऑइलचं प्रेशर गेलं. तिथे अर्धा मिनिटसुद्धा फार होतो, दिसेल त्या कडेला गाडी घ्या आणि इंजिन बंद करा. ब्रेकचा लाल दिवा लागला, तर आधी हँडब्रेक अर्धवट ओढलेला नाही ना ते बघा. तो खाली असेल तर पेडल दाबून पाहा, आणि खालच्या गिअरवर वेग कमी करत थांबा. बॅटरीचा दिवा लागला तर गाडी थोडा वेळ चालते. मात्र पुष्कळ गाड्यांत एकाच पट्ट्यावर अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप दोन्ही फिरतात. तो पट्टा तुटला असेल, तर मागोमाग टेंपरेचरही चढतं.

आपल्या प्रसंगात दिवा टेंपरेचरचा आहे. ताबडतोब एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा पूर्ण वेगात लावा. गाडीतले लोक ओरडतील, ओरडू द्या. इंजिनातली थोडी उष्णता त्या वाटेने बाहेर पडते आणि तुम्हाला दोन-चारशे मीटर मिळू शकतात. ते जागा निवडायला वापरा.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे वळण संपल्यासंपल्याची. मागून येणाऱ्या एसटीला किंवा चिऱ्यांच्या डंपरला तुम्ही दिसता तेव्हा त्याच्या हातात काही उरलेलं नसतं. म्हणून एक तर वळणाच्या बऱ्याच आधी, सरळ पट्ट्यावर थांबा, नाही तर वळण ओलांडून पुढे सरळ रस्ता लागेपर्यंत हळूहळू जा. त्या नादात हेडचं गॅस्केट उडालं तर उडू दे. त्याचा खर्च भरून काढता येतो. वाफ बाहेर येऊ लागली किंवा इंजिन ठोकू लागलं, तर मात्र तिथेच कडेला घ्या. उजव्या लेनमध्ये असाल तर डिव्हायडरला चिकटून कधीच थांबू नका. डावा इंडिकेटर देऊन एकेक लेन सोडत डावीकडे या आणि पांढऱ्या रेषेच्या जितकं पलीकडे जाता येईल तितकं जा.

गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी फिरवू नका. इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि एक-दोनदा दाबल्यावर ब्रेकचं पेडलही दगडासारखं होतं.

चारही इंडिकेटर, ज्यांना आपण पार्किंग लाईट म्हणतो, ते कडेला वेग कमी करतानाच लावा. थांबल्यावर लावण्यात उशीर होतो. (चौकात सरळ जायचं म्हणून किंवा पावसात पळता-पळता चारही लावणाऱ्यांनी या दिव्याची किंमत पार घालवली आहे. मागच्याला कळतच नाही की गाडी चालू आहे की उभी.) चावी काढली तरी हे दिवे चालतात. अंधार किंवा धुकं असेल तर मागचे लाल दिवेही चालू ठेवा. चढ आहे, म्हणून हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका आणि डावीकडे डोंगर असेल तर पुढची चाकं त्या बाजूला वळवून ठेवा, म्हणजे गाडी मागे सरकलीच तर रस्त्यात न येता कडेला जाईल.

आता माणसं. सगळ्यांनी डावीकडच्या दरवाजांनी उतरायचं. चालकानेही, सीटवरून सरकून जमत असेल तर. आधी मोठं माणूस, मग मुलं, आणि आजीचा हात धरायला एक जण. रेलिंग असेल तर रेलिंगच्या पलीकडे जायचं, पण तिकडे पाय ठेवायला जागा आहे का ते आधी बघून. घाटात काही ठिकाणी पलीकडे थेट दरी असते. डावीकडे डोंगर असेल तर गटार ओलांडून उभे राहा. ओली, ताजी कापलेली दरड डोक्यावर येत असेल, तर तिथून सरका. आणि उभं राहायचं ते गाडीच्या मागच्या अंगाला, म्हणजे जिकडून वाहनं येतात त्या बाजूला, रस्त्यापासून लांब. गाडीला मागून धडक बसली तर ती पुढे फेकली जाते आणि पुढे उभी असलेली माणसं तिच्याखाली येतात. रस्ता ओलांडून समोरच्या टपरीवर चहाला जाणं हा यातला दुसरा मोठा धोका.

उतरायला जागाच नसेल, किंवा आजींना चालवतच नसेल, तर त्यांना आतच बसू द्या, पट्टा लावून. पट्टा सोडून आत बसून राहणं हा सगळ्यात वाईट पर्याय आहे.

माणसं बाहेर पडली की त्रिकोण. तो बहुतेकांच्या डिकीत, आणि गणपतीच्या दिवसांत सगळ्या सामानाच्या खाली असतो. मग डिकी उघडून बॅगा काढत माणूस गाडीच्या मागे, वाहनांकडे पाठ करून उभा! वर उघडलेल्या दारामुळे काही गाड्यांचे मागचे दिवेही झाकले जातात. म्हणून निघतानाच त्रिकोण पुढच्या डाव्या सीटखाली ठेवा, सोबत एक चमकणारं जॅकेट.

किती लांब ठेवायचा? ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चालकाला दिसून पाय ब्रेकवर येईपर्यंत दीड सेकंद धरा, त्यात ३३ मीटर गेले. ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण ६० लागतात. भरलेल्या ट्रकला याहून जास्त. म्हणजे त्रिकोण १०० मीटर मागे हवा, सव्वाशे ते दीडशे पावलं. कोरड्या, कमी वेगाच्या रस्त्यावर ५० चालतील. मध्ये वळण असेल तर आकडा विसरा आणि तो वळणाच्या अलीकडे ठेवा.

ठेवायला जाताना रस्त्याच्या कडेबाहेरून, वाहनांकडे तोंड करून, उघडलेला त्रिकोण छातीसमोर धरून चाला. पाय पूर्ण पसरून ठेवा, नाही तर पहिल्याच टँकरच्या वाऱ्याने तो आडवा होईल. कडेने चालायलाच जागा नसेल तर त्रिकोण ठेवायला जाऊ नका, दिव्यांवर भागवा. आणि त्याऐवजी दगड किंवा झाडाच्या फांद्या रस्त्यात मांडू नका. गाडी निघून जाते, दगड तिथेच राहतात, आणि रात्री एखादा मोटरसायकलवाला त्यावर आपटतो.

मग फोन. जखमी असेल किंवा गाडी लेनमध्येच अडकली असेल तर ११२. नुसती बंद पडली असेल तर राष्ट्रीय महामार्गाचा १०३३. जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा आणि कुठल्या दिशेला तोंड आहे तेही: खेडकडून चिपळूणकडे. “भोस्ते घाटात” एवढंच सांगितलं तर क्रेन उलट्या बाजूच्या लेनने शोधत बसते.

बॉनेट उचललंत तरी रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं, झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर येतं. निदान अर्धा तास थांबा, तोही रेलिंगपलीकडे, बॉनेटपाशी नाही.