खुर्चीतला साहेब आणि समोर उभा कारकून

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

कॅमेरा खाली ठेवला की माणूस बलवान दिसतो आणि वर ठेवला की दुबळा, हे वाक्य तुम्ही पहिल्याच वर्गात ऐकलेलं असेल. मीही ऐकलं आणि बरीच वर्षं त्यावर विसंबून काम केलं. दृश्यातली सत्ता पलटते तेव्हा लेन्स आणि उंची कशी बदलायची, हे आज सांगायचं ठरलंय. पण आधी एक हकीकत सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यातूनच आलंय.

प्रसंग साधा होता. साहेब टेबलामागे बसलाय, समोर कारकून उभा आहे. खोट्या हिशेबावर सही कर, असं साहेब सांगतो. साहेब जबरदस्त दिसावा म्हणून मी 25 मिलिमीटरची लेन्स लावली, कॅमेरा त्याच्यापासून एक मीटरवर नेला आणि डोळ्यांच्या पातळीच्या अर्धा मीटर खाली ठेवला. कारकुनासाठी कॅमेरा चांगला उंच चढवला. सेटवर सगळ्यांना फ्रेम आवडली. एडिटिंगच्या टेबलावर दोन्ही शॉट शेजारी आले आणि दृश्य मेलेलं निघालं. पाहायला बसलेल्यांना साहेबाची भीती वाटेना आणि कारकुनाची दयाही येईना.

का, ते नीट बघू. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण 115 सेंटिमीटरवर असतात, उभ्या माणसाचे 150 किंवा त्याहून वर. म्हणजे साहेब बोलताना मान वर करतो. मान आधीच वर आणि त्यात कॅमेरा खाली! मग काय दिसतं? गळा. उघडा, ताणलेला गळा. हनुवटी लेन्सच्या सर्वांत जवळ म्हणून मोठी, कपाळ मागे पडून निमुळतं, नाकपुड्या समोर आणि डोळे त्यांच्यामागे कुठेतरी. ज्या शरीरभागाला माणूस जिवापाड जपतो तोच मी प्रेक्षकापुढे धरला होता आणि त्याला सत्ता म्हणत होतो. कारकुनाचं उलटं झालं. तो खाली बघतोय आणि कॅमेरा वर. दिसले ते केस, कपाळ आणि पापण्या. डोळेच दिसत नसतील तर प्रेक्षकाने कळवळायचं कुणासाठी?

इथे एक गोष्ट मनात पक्की करा. चेहऱ्याची ठेवण लेन्स बदलत नाही, ती अंतर बदलतं. 25ची लेन्स एक मीटरवरून चेहऱ्याचा जेवढा क्लोज-अप देते, तेवढाच 75ची लेन्स तीन मीटरवरून देते. डोकं पडद्यावर तेवढंच मोठं. पण एक मीटरवर हनुवटी कपाळापेक्षा दहा सेंटिमीटरने जवळ असेल तर तो फरक डोळ्यांत भरतो, तीन मीटरवर जाणवतही नाही. लेन्स फक्त ठरवते, की त्या अंतरावरून आपण किती कापून घ्यायचं.

उंचीचंही तसंच. डोळ्यांच्या अर्धा मीटर खाली ठेवलेला कॅमेरा एक मीटरवरून साधारण 27 अंश वर बघतो. तोच, तेवढाच खाली ठेवून तीन मीटरवर न्या, तर जेमतेम साडेनऊ अंश. म्हणून कुणी नुसतं ‘लो अँगल लाव’ म्हणालं की मी विचारतो, किती अंतरावरून? अंतर ठरलं नसेल तर त्या सूचनेला अर्थच नाही.

आणि खाली ठेवणं व वर तिरपं करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूंचा कॅमेरा आठवा. जमिनीवर बसलेल्या माणसांच्या घरात तो त्यांच्याहूनही खाली असतो, लेन्स बहुतेक वेळा 50ची. पण कॅमेरा सहसा वर तिरपा होत नाही, सरळ समोर बघतो. त्या माणसांचा धाक वाटत नाही, आपण त्यांच्यापाशी बसलोय असं वाटतं. धाक असतो तो टिल्टमध्ये. टिल्ट किती झालाय हे कळायला दाराची चौकट बघा. उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकायला लागल्या की प्रेक्षकाला कॅमेरा जाणवायला लागलाच.

तर तो प्रसंग पुन्हा चित्रित केला. साहेबासाठी कॅमेरा तीन मीटरवर, 75ची लेन्स, डोळ्यांच्या फक्त दहा सेंटिमीटर खाली. टिल्ट दोन अंशांचा, म्हणजे कुणाला कळूही नये इतका. नटाला सांगितलं, मान वर करायची नाही. कागद वाचत राहा आणि वाटलं तर नुसते डोळे उचल. लांब लेन्समुळे मागच्या भिंतीचा जेमतेम दोन मीटर रुंद भाग फ्रेममध्ये आला. 25च्या लेन्सने एक मीटरवरून त्याच भिंतीचा चार मीटर रुंद भाग दिसत होता. आता खोली नाही, पसारा नाही, फक्त तो आणि त्याचा निवांतपणा. ज्याला हलण्याची गरज नाही तो बलवान दिसतो, हे मला त्या दिवशी उमगलं.

कारकुनासाठी कॅमेरा त्याच्यापासूनही तीनच मीटरवर ठेवला, पण लेन्स 32ची. तो गुडघ्यांपासून वर दिसू लागला. डोक्यावर बरीच मोकळी जागा, बाजूला रिकामी भिंत आणि पुढे फ्रेमच्या कोपऱ्यात साहेबाचा खांदा. कॅमेऱ्याची उंची त्याच्या डोळ्यांइतकीच. नजर लेन्सच्या खाली जाते म्हणून तो आपोआप झुकलेला वाटतो, पण डोळे दिसतात. साहेबाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला असता तर उभा माणूस खालून दिसून उगाच भारदस्त झाला असता. बसलेला-उभा अशा दृश्यांत ही चूक सर्रास होते, कारण समोरच्याच्या नजरेतून बघायचं असं आपण धरून चालतो.

पाचच मिनिटं राहिली असं खुणावताहेत, आणि मूळ विषय अजून राहिलाय. थोडक्यात सांगतो.

कारकून ‘नाही’ म्हणतो तिथे दृश्य पलटतं. त्या शब्दावर काहीही बदलू नका. शब्द बोलला जाईल तो जुन्याच रिकाम्या फ्रेममध्ये. त्यानंतर साहेबाची प्रतिक्रिया घ्या आणि परत कारकुनाकडे याल तेव्हा 32च्या जागी 50 लावा, उंची 150वरून 140वर आणा. पुढच्या वेळी 75. आता दोघांचे चेहरे पडद्यावर सारखेच मोठे झाले, म्हणजे बरोबरी झाली. साहेबाचा कॅमेरा त्याच दरम्यान दहा-दहा सेंटिमीटर वर चढवा आणि आता त्याला मान वर करू द्या. मघाशी नको असलेला तो गळा आता हवा आहे.

सिडनी लुमेट यांनी 1957च्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’मध्ये हे अख्ख्या चित्रपटभर केलं. सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या वर आणि लेन्स वाइड, मग डोळ्यांच्या पातळीवर, शेवटच्या भागात त्याच्याही खाली, आणि लेन्स लांबत गेलेली. तिथे खाली गेलेल्या कॅमेऱ्याने छत दिसू लागतं आणि माणसं कोंडल्यासारखी वाटतात. म्हणजे तोच लो अँगल, पण काम वेगळं.

सेटवर एक काळजी घ्या. प्रत्येक शॉटची लेन्स, अंतर, उंची असे तिन्ही आकडे लिहून ठेवा. उंची आठवणीवर सोडली की दुपारनंतर ट्रायपॉड सोयीच्या जागी सरकतो, आणि एडिटिंगला बसल्यावर बदल ठरवून केलाय की निष्काळजीपणाने झालाय हे सांगता येत नाही. कॅमेरा खाली जाणार असेल तर छत आणि वर टांगलेले लाइट फ्रेममध्ये येतात, ते आदल्या दिवशीच बघून घ्या.

आता मागचे दिवे घालवा. त्या प्रसंगाचे दोन्ही तुकडे, आधीचा आणि नंतरचा, आवाज बंद करून लावतो. बघताना फक्त एवढंच ध्यानात ठेवा, की तुमची नजर दर वेळी कुणाच्या डोळ्यांकडे जातेय.