तेरीज जुळली का आधी? (निवेदन, अंतिम कच्चं)

(लातूर, गंजगोलाई, सकाळ. शटर वर जातंय.)

गोलाईतून सोळा रस्ते फुटतात, त्यातल्या एका रस्त्यावर हे हार्डवेअरचं दुकान. त्याचा हिशोब आता वहीतून कॉम्प्युटरवर जाणार आहे. नळ, पाइप, खिळे, रंग, कुलपं. शेठ कॅमेऱ्यासमोर आले नाहीत, पण आपलं काम त्यांच्याकडे नाहीच, आपलं काम मागच्या कोपऱ्यात बसलेल्या मुनीमकाकांकडे आणि त्यांच्या शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेल्या सूनबाईंकडे आहे.

(लाल कापडी वही, दोरा सुटतोय. क्लोजअप, पान.)

हे पान जरा वेळ बघा. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. कॉलेजात अकाउंट्स शिकलेल्या माणसाला हे उलटं वाटतं, कारण पुस्तकात डेबिट डावीकडे असतं आणि डेबिट म्हणजे नावे. देशी वहीत ते उजवीकडे. काकांची आयुष्यभराची सवय एका बाजूची, सूनबाईंचं बी.कॉम. दुसऱ्या बाजूचं. हे लक्षात ठेवा, पुढे नडणार आहे.

(काका तेरीज मांडतायत, पेन्सिल, टिकमार्क.)

31 मार्च 2025 ची रात्र. उद्यापासून हिशोब टॅली या सॉफ्टवेअरवर. सगळ्यांना वाटतं की सॉफ्टवेअर आलं म्हणजे कॉम्प्युटर उघडायचा आणि आकडे भरायला सुरुवात करायची, पण काकांनी लॅपटॉप बंद करायला लावला. म्हणाले, "आधी तेरीज जुळू द्या सूनबाई, मग मशीन." तेरीज म्हणजे खतावणीतल्या प्रत्येक खात्याची बाकी एका कागदावर, नावे एकीकडे, जमा एकीकडे, आणि खाली दोन्हीची बेरीज सारखी. ती जुळल्याशिवाय नव्या पुस्तकात काही न्यायचं नाही, नाहीतर जुनी चूक नवीन कपडे घालून येते (हे काकांचंच वाक्य, आम्ही फक्त माइक धरला).

आणि काय न्यायचं? विक्री, खरेदी, पगार, भाडं, लाइटबिल यातलं काहीच नाही. ती खाती वर्षाबरोबर संपली, त्यांचा निकाल नफा म्हणून भांडवलात गेला. पुढे जातो तो फक्त ताळेबंद. म्हणजे काय आहे आणि कुणाचं आहे, एवढंच. हेच वर्षाच्या मधेच, समजा ऑगस्टमधे बदललं असतं तर तोपर्यंतची विक्री-खर्चाची बाकीपण न्यावी लागली असती. म्हणून 1 एप्रिल.

(स्क्रीनवर अक्षरं, एकेक ओळ येते.)

नावे:
रोख शिल्लक 18,400
बँक 2,12,600
शिल्लक माल 9,40,000
ग्राहकांकडून येणं 3,86,500
फर्निचर, काटा 72,500
दुकानाची अनामत 1,00,000

जमा:
व्यापाऱ्यांचं देणं 5,24,000
मार्चचा जीएसटी, 20 एप्रिलला भरायचा 26,000
शेठचं भांडवल 11,80,000

दोन्हीकडे 17,30,000. ही झाली ओपनिंग एंट्री, म्हणजे नव्या पुस्तकाची सुरुवातीची नोंद, एवढीच. काही सॉफ्टवेअरमधे ही खरोखर एकच जर्नल एंट्री म्हणून टाकतात. टॅलीत तसं नाही, तिथे प्रत्येक लेजर म्हणजे खातं बनवतानाच त्याची ओपनिंग बाकी भरायची, आणि ती भरून झाल्यावर वर परत जर्नलपण टाकलं तर सगळं दुप्पट होतं. काम एकच आहे, दार एकच वापरायचं.

(पासबुक, हाताचं बोट एका ओळीवर.)

आता हा शॉट आम्हाला नशिबाने मिळाला. सूनबाईंनी बँकेची बाकी पासबुकातून घेतली, 2,36,100. वहीत 2,12,600. फरक 23,500. काकांनी पासबुक बघितलंच नाही, सरळ चेकबुकची अधकटी काढली. 29 मार्चला पाइपवाल्या व्यापाऱ्याला 23,500 चा चेक दिलेला, त्याने अजून भरला नव्हता. वहीत बँकेतून पैसे कमी झाले आणि व्यापाऱ्याचं देणंही तेवढंच कमी झालं. पासबुकाला हे अजून माहीतच नाही. पासबुकाचा आकडा घेतला असता तर तेरीज तिथेच 23,500 ने फाटली असती. म्हणून ओपनिंगला वहीचीच बाकी, आणि तो चेक न वटलेला म्हणून बँक जुळवणीत दाखवून ठेवायचा. 3 एप्रिलला वटला.

(लॅपटॉपचा स्क्रीन. कॅमेरा थोडा हललाय, तसाच ठेवला.)

सगळं भरून झालं, ताळेबंद उघडला, आणि ही ओळ आली: `Difference in opening balances`, 9,000.

इथे बरेच जण काय करतात सांगू का, तो फरक भांडवलात ढकलतात आणि ओळ गायब होते. बघायला छान. पण भांडवलाचा आकडा आधीच जुळवलेल्या ताळेबंदातला आहे, तो हलवायचा अधिकार कुणाला? काकांनी हलवू दिला नाही.

फरकाला आधी 9 ने भागून बघतात. भाग गेला तर आकडे उलटेपालटे झाल्याचा संशय, 54 चं 45 वगैरे. 9,000 ला भाग जातो. म्हणून दोघांनी ग्राहकांची 41 खाती परत वाचली, एक जण वाचतोय, एक जण स्क्रीनवर बघतोय, तासभर, आणि काहीही सापडलं नाही.

(काका पेन थांबवतात. आवाज बंद करू नका, पंख्याचा राहू दे.)

मग काकांनी 9,000 अर्धे केले. 4,500. फरकाच्या निम्मा आकडा कुठे दिसला तर ती बाकी बहुतेक उलट्या बाजूला बसलेली असते, कारण एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त, मिळून दुप्पट. 4,500 चं खातं सापडलं. एका बांधकाम ठेकेदाराने आगाऊ दिलेले पैसे. म्हणजे ग्राहक असूनही आपणच त्याचे देणेकरी. वहीत ती बाकी डावीकडे होती, जमेला. सूनबाईंच्या डोळ्याला डावीकडचं म्हणजे डेबिट, आणि ग्राहकांच्या गटात टॅलीही आपणहून `Dr` पुढे करतं. एंटर दाबला, संपलं. `Dr` चं `Cr`, म्हणजे नावेचं जमा केलं आणि ओळ गेली.

(ग्राहकांची यादी, स्क्रोल.)

येणं एकाच आकड्यात नाही टाकलं, 41 नावं वेगळी आणि प्रत्येकाखाली जुनी बिलं तारखेसकट. त्याला दोन रात्री गेल्या. एकच 3,86,500 टाकला असता तरी तेरीज जुळलीच असती, फक्त वसुलीला गेल्यावर कुठलं बिल किती जुनं ते कळलं नसतं.

(जून, दुकान, पावसाळी उजेड.)

तीन महिने वही आणि टॅली दोन्ही चालू ठेवलं. जूनअखेरीला रोख शिल्लक जुळवली तेव्हा 60 रुपयांचा फरक निघाला. चहाचे. वहीत लिहिलेले, कॉम्प्युटरवर राहिलेले.

(काका वहीला दोरा बांधतायत. निवेदन नाही.)