शीर्षक कुणासाठी लिहायचं?

(इंदुरात इंटरव्ह्यूच्या तयारीचे व्हिडिओ बनवणाऱ्या स्वयंसेवकांपुढे दिलेलं व्याख्यान, संपादित)

मंडळी, मला वीस मिनिटं दिलीत, त्यातली सात प्रास्ताविकात गेली. चालायचंच, आपण मराठी माणसं आहोत.

आमचा एक भाचा खरगोनचा, बी.कॉम. झालेला. इंदुरात पहिला इंटरव्ह्यू. आदल्या रात्री यूट्यूबवर शोधतोय, ‘फ्रेशरने स्वतःबद्दल काय सांगायचं’. याचं छान उत्तर इथल्याच एका क्लासच्या व्हिडिओत होतं, पण त्याचं शीर्षक काय? ‘यशाची गुरुकिल्ली! मुलाखतीचे अमोघ मंत्र, भाग 3’. त्यात ना फ्रेशर, ना बी.कॉम., ना तो प्रश्न. पोराला कळणार कसं? (हसू नका, तुमच्यातल्या दोघांची शीर्षकं मी बघून आलोय.)

नंतर मीच तो उघडला. खालचं वर्णन ‘सप्रेम नमस्कार’पासून सुरू. मग संचालकांचा परिचय, त्यांचे सत्कार, शाखांचे पत्ते. वर्णनाच्या फार तर सुरुवातीच्या एकदोन ओळी आधी दिसतात, बाकी उघडावं लागतं. म्हणजे आमच्या भाच्याच्या वाट्याला फक्त नमस्कार! पदवीनंतरचं रिकामं वर्ष कसं सांगायचं, हे आठव्या मिनिटाला उत्तम समजावलंय. वर्णनात त्याचा पत्ता नाही. सत्कार मात्र सगळे.

आता त्याच व्हिडिओला मी देतो ते शीर्षक: ‘स्वतःबद्दल सांगा: बी.कॉम. फ्रेशरचं उत्तर, नमुन्यासह’. पोराचा प्रश्न सगळ्यात आधी, कारण मोबाइलवर लांब शीर्षकाची शेपटी कापली जाते. मर्यादा 100 अक्षरांची आहे, पण काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. ‘इंटरव्ह्यू’ या एका शब्दाला दहा जागा लागतात. म्हणून देवनागरीत हात आखडता.

वर्णनाची पहिली ओळ: ‘अनुभव नाही, इंग्रजी अडखळतं, मध्ये वर्ष गेलं, तर पहिल्या इंटरव्ह्यूत काय बोलायचं, ते प्रत्यक्ष उत्तरांसह.’ संचालक खाली, अगदी तळाशी. 5000 अक्षरं मिळतात, त्यांचीही सोय होईल.

चिठ्ठी आली. बरं, भराभर सांगतो. वर्णनात वेळा लिहिल्या की व्हिडिओचे भाग पडतात, असे:

```
0:00 स्वतःबद्दल सांगा
3:20 अनुभव नाही, मग काय सांगू?
8:05 एक वर्ष रिकामं का गेलं?
11:40 पगार किती अपेक्षित?
```

पहिली वेळ 0:00 च हवी, किमान तीन नोंदी हव्यात, वेळा चढत्या क्रमाने, आणि कुठलाही भाग दहा सेकंदांपेक्षा छोटा नको. यातलं एक चुकलं की भाग पडत नाहीत, नुसती यादी दिसते. टाकल्यावर स्वतःच्या मोबाइलवर उघडून बघा. आणि शीर्षकात ‘नोकरी पक्की’ लिहू नका. ते उत्तर व्हिडिओत नसतं, पोरगं अर्ध्या मिनिटात निघून जातं.

हॅशटॅगबद्दल कुणी विचारलं होतं, ते चहाच्या वेळी बघू.